तासाची पहिली सात मिनिटं: अग्रत संघटक, अर्थपूर्ण अध्ययन आणि घोकंपट्टी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. बी.एड.चे छात्राध्यापक माझ्या तासाला निरीक्षणाला बसतात आणि तास संपला की वही उघडून साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं दर वर्षी नव्याने देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. उदाहरण शेवटपर्यंत बहुतेक एकच आहे: अकरावीच्या सुरुवातीला येणारा मोल.

अग्रत संघटक म्हणजे काय? प्रस्तावनाच ना ती?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. प्रस्तावना मुलांचं लक्ष वेधते आणि आज काय शिकायचं ते सांगते. अग्रत संघटकाचं काम वेगळं आहे. नव्या विषयाच्या आधी एक व्यापक विचार मांडायचा, जो नव्या विषयापेक्षा मोठा असेल, मुलांना आधीच थोडाफार ठाऊक असलेल्या गोष्टींतून उभा राहील आणि नव्या विषयातले तपशील ज्याच्या पोटात बसतील. घरात शिरल्यावर छत्री टांगायला भिंतीत खुंटी लागते. संघटक म्हणजे ती खुंटी ठोकणं. खुंटी नसेल तर छत्री कोपऱ्यात उभी राहते आणि दाराला धक्का लागला की पडते.

‘मोठा’ या शब्दाकडे लक्ष द्या. ‘आज आपण मोल, मोलर वस्तुमान आणि अ‍ॅव्होगॅड्रो अंक पाहणार आहोत’ ही अनुक्रमणिका झाली. ती नव्या विषयाच्याच पातळीवर आहे, त्याच्या वर नाही. मुलाला यातला एकही शब्द कळत नसेल, तर तीन न कळलेल्या शब्दांची यादी ऐकून त्याच्या हाती काही लागत नाही.

ही कल्पना आली कुठून?

डेव्हिड ऑसुबेल (1918–2008) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. शिक्षणाने ते डॉक्टरही होते. 1960 साली त्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना पोलादाच्या धातुशास्त्रीय गुणधर्मांवरचा सुमारे 2500 शब्दांचा उतारा अभ्यासायचा होता. विषय मुद्दाम अनोळखी निवडलेला. त्याआधी एका गटाला सुमारे 500 शब्दांचा एक मजकूर दिला: शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांच्यातलं साम्य काय, फरक काय, माणूस मिश्रधातू बनवतो ते कशासाठी. पोलादाचे तपशील त्यात नव्हते. दुसऱ्या गटालाही तेवढ्याच लांबीचा मजकूर दिला, पण तो होता लोखंड आणि पोलाद बनवण्याच्या पद्धतींचा इतिहास.

तीन दिवसांनी चाचणी झाली. पहिला गट पुढे होता. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहानही नव्हता.

आता दुसऱ्या गटाचा मजकूर पुन्हा पाहा. विषयाचा इतिहास, थोडी गोष्ट, थोडी रंजकता. आपण तासाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा हेच करतो. ‘अमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो हे मूळचे वकील होते’ असं म्हणून सुरू होणारा तास मी स्वतः कितीतरी वर्षं घेतला. ऑसुबेल यांनी ज्याला ‘संघटक नसलेला मजकूर’ म्हणून तुलनेसाठी वापरलं, ते मी माझं हुकमी हत्यार समजत होतो.

घोकंपट्टी आणि अर्थपूर्ण अध्ययन यांत नेमका फरक काय?

नवी गोष्ट मुलाच्या डोक्यात आधी असलेल्या कशाला तरी जोडली जाते की नाही, एवढाच. पाठ केलं की ते घोकलेलं आणि समजून सांगितलं की ते अर्थपूर्ण, अशी विभागणी ऑसुबेल करत नाहीत. त्यांच्या मते ही एक सलग पट्टी आहे. एका टोकाला कशालाच न जोडलेली अक्षरं, दुसऱ्या टोकाला घट्ट विणलेली समज, आणि बहुतेक शिकणं मधे कुठेतरी.

अर्थपूर्ण शिकण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. मजकुराला मुळात काही तर्क हवा. मुलाच्या डोक्यात जोडण्याजोगं काहीतरी आधी हवं. आणि मुलाची जोडायची तयारी हवी. तिसरी अट आपण विसरतो. परीक्षेत व्याख्या शब्दशः लिहिली तरच पूर्ण गुण मिळतात, हे ज्या मुलाला पाच वर्षांच्या अनुभवाने कळलं आहे, तो तुमचा सुंदर संघटक ऐकून घेतो आणि घरी जाऊन व्याख्याच घोकतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

मोलपुरतं बोलायचं तर ‘एक मोल म्हणजे 6.022 × 10²³ कण’ हे वाक्य दोन्ही प्रकारे डोक्यात राहू शकतं. वहीत ते सारखंच दिसतं. वाक्य मोडून विचारलं की फरक उघडा पडतो.

प्रत्यक्ष तासात हे कसं दिसतं? पहिली सात मिनिटं सांगा.

मी फळ्यावर शीर्षक लिहीत नाही. खिशातून एक नट आणि एक बोल्ट काढतो. हार्डवेअरच्या दुकानात हे नगावर मिळतात की किलोवर, असं विचारतो. गावाकडची मुलं लगेच सांगतात, थोडे घेतले तर नगावर, जास्त घेतले तर किलोवर. का? मोजत कोण बसणार.

मग फळ्यावर दोन आकडे लिहितो: बोल्ट 18 ग्रॅम, नट 6 ग्रॅम. दुकानदाराला गिऱ्हाइकासाठी जोड्या लावून द्यायच्या आहेत, एका बोल्टला एक नट. त्याने 1.8 किलो बोल्ट तोलून काढले. नट किती किलो काढावेत?

वर्गातले काही जण हमखास म्हणतात, तेवढेच, 1.8 किलो. मी हो किंवा नाही म्हणत नाही, मोजा म्हणतो. बोल्ट झाले 100. नट 1.8 किलो घेतले तर 300. दोनशे नट उरले. शंभर हवे असतील तर 600 ग्रॅम पुरेत. कोणीतरी पुटपुटतं, ‘एकास तीन.’ मी ते पकडतो. एका बोल्टचं आणि एका नटाचं वजन 3:1 आहे. मग नग सारखे हवे असतील, तर ढिगांचं वजनही 3:1 घ्यायचं.

आता एक पायरी पुढे. प्रत्येक बोल्टला दोन नट लावायचे असले तर? 9 किलो बोल्टना किती नट? मुलं आता थोडं थांबतात. 9 किलोला 3 किलो नट म्हणजे नगाला नग, दोन लावायचे म्हणून 6 किलो. पडताळा घेतो: बोल्ट 500, नट 1000. जमलं.

इथे मी बोलणं थांबवून फळ्यावर एक वाक्य लिहितो आणि मुलांना वहीत उतरवायला सांगतो:

*मोजता येत नाही तेव्हा आपण तोलतो. सारखं वजन म्हणजे सारखी संख्या नव्हे. सारखी संख्या हवी असेल, तर एकेका नगाच्या वजनाच्या प्रमाणात ढीग घ्यायचे.*

संघटक म्हणजे ही तीन वाक्यं. नट-बोल्ट तिथे पोचायचा रस्ता होता. वाक्यांत नट नाही, बोल्ट नाही, अणूही नाही, म्हणूनच ती तिघांनाही लागू पडतात. साधारण सातवं मिनिट संपत आलेलं असतं.

मग पहिल्यांदा रसायनशास्त्र येतं. C + O₂ → CO₂. कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन. अणू मोजता येत नाहीत, तेव्हा काय करायचं? तोलायचं. एकेका नगाचं वजन? कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंचं प्रमाण 12:16. म्हणजे 12 ग्रॅम कार्बन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखी. एका बोल्टला दोन नट, म्हणून ऑक्सिजन 32 ग्रॅम. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड 44 ग्रॅम. 3 ग्रॅम कार्बन जाळला तर ऑक्सिजन किती लागेल, हे मुलं आता सूत्राशिवाय सांगतात: 8 ग्रॅम.

आणि मग मी म्हणतो, हा जो ‘12 ग्रॅम कार्बनमध्ये असतील तेवढे’ असा ढीग आपण सारखा वापरतोय, त्याला एक नाव देऊ. मोल.

6.022 × 10²³ हा आकडा एवढा उशिरा का? पुस्तकात तर तो पहिल्याच परिच्छेदात असतो.

कारण वरच्या गणिताला तो लागलाच नाही. 3 ग्रॅमला 8 ग्रॅम हे उत्तर काढताना कोणालाही अणूंची संख्या ठाऊक असण्याची गरज पडली नाही. प्रमाण पुरलं.

इतिहासातही असंच झालं. अ‍ॅव्होगॅड्रो 1856 साली वारले, तेव्हा त्यांच्या नावाची ही संख्या त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. योहान लोश्मिट यांनी रेणूंच्या आकाराचा पहिला बरा अंदाज 1865 साली केला, आणि ‘अ‍ॅव्होगॅड्रोची संख्या’ हे नाव ज्याँ पेरँ यांनी 1909 च्या सुमारास दिलं. तोवर रसायनशास्त्रज्ञ आपली समीकरणं प्रमाणांवर व्यवस्थित जुळवत होते. इतिहास सांगायचाच असेल तर तो इथे सांगावा. इथे तो संघटकाला टेकलेला असतो. तासाच्या तोंडाशी तो नुसता लोंबकळत राहतो.

20 मे 2019 पासून मोलची व्याख्याच या संख्येवरून केली जाते: 6.02214076 × 10²³, नेमके एवढेच कण. व्याख्येत आकडा पहिला आला, म्हणून शिकवण्यातही तो पहिला यावा असं मात्र नाही. व्याख्येचा क्रम अचूकतेसाठी लावलेला असतो, समजण्यासाठी नाही.

‘डझन म्हणजे 12, तसा मोल म्हणजे 6.022 × 10²³’ हे सोपं उदाहरण आहे. ते का वापरत नाही?

वापरतो, पण नाव ठेवताना, दोन मिनिटांसाठी. मोल हे एका संख्येचं नाव आहे, एवढंच त्यातून कळतं. पुढचा प्रश्न त्याने सुटत नाही. हुशार मुलगी विचारते, ‘सर, मग एवढी विचित्र संख्या का? 10²³ सरळ का नाही?’ डझनाकडे याचं उत्तर नाही. तोलून मोजण्याच्या विचाराकडे आहे: संख्या मुळात आपण निवडलेलीच नाही. आपण ग्रॅम निवडला आणि कार्बनचे 12 निवडले, संख्या त्याच्या मागून आली. शिवाय डझन हे हातानं मोजता येणाऱ्या वस्तूंचं माप आहे. मोलची गरज ज्या अडचणीतून आली, ती अडचणच डझनात नाही.

व्याख्यान दिलं की घोकंपट्टी, आणि मुलांना स्वतः शोधायला लावलं की अर्थपूर्ण अध्ययन, असंच ना?

ऑसुबेल यांनी सर्वात जास्त वाद घातला तो याच मुद्द्यावर. 1960 च्या दशकात अमेरिकेत शोधाधारित शिक्षणाचा जोर होता आणि व्याख्यानाला वाईट नाव पडत होतं. त्यांचं म्हणणं असं की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माहिती मुलाला आयती मिळाली की त्याने शोधली, हा एक. ती त्याच्या आधीच्या ज्ञानाला जोडली गेली की नाही, हा दुसरा. चारही जोड्या संभवतात. चाचपडत, आकडे उलटसुलट करत मुलगा एखाद्या कोड्याचं उत्तर शोधतो, पण ते का बरोबर आहे हे त्याला सांगता येत नाही. शोध झाला, समज नाही. आणि नीट बांधलेलं पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान शांत बसून ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात बरंच काही जोडलं जात असतं.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात व्याख्यानाशिवाय इलाज नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण इलाज नाही म्हणून द्यायचं व्याख्यान वेगळं आणि विचार करून बांधलेलं वेगळं.

पाठ टाचणात ‘पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न’ असतातच. मग संघटक वेगळा कशाला?

हर्बार्टच्या पंचपदीतून आलेला हा भाग चांगला आहे, पण त्याचं काय झालं आहे ते आपण सगळे जाणतो. ‘बाजारातून केळी कशी आणता?’ ‘डझनावर.’ ‘कागद?’ ‘रिमावर.’ ‘मग अणू कशात मोजाल?’ वर्ग गप्प. ‘तर आज आपण मोल या घटकाचा अभ्यास करणार आहोत.’ हेतुकथन, शीर्षक फलक लेखन, परीक्षकाची बरोबरची खूण. चौथा प्रश्न मुलांना येऊच नये अशीच त्याची रचना असते. तो शीर्षकापर्यंत पोचवतो आणि मग केळी-कागद कायमचे विसरले जातात.

पूर्वज्ञान तपासणं आणि त्यावर काही बांधणं या दोन गोष्टी आहेत. 1968 च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभी ऑसुबेल यांनी म्हटलं आहे की शिकण्यावर सर्वात जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शिकणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे ती. ते शोधा आणि त्याप्रमाणे शिकवा. आपण पूर्वार्ध घेतला. नट-बोल्टच्या प्रश्नाला ‘1.8 किलो’ असं उत्तर आलं, तेव्हा मला पूर्वज्ञान कळलं, आणि पुढची तीन मिनिटं मी त्या चुकीवरच घालवली.

विषय अगदी नवा नसेल, आधीच्या विषयाशी गल्लत होण्यासारखा असेल तर?

मग तुलनात्मक संघटक. वर सांगितला तो स्पष्टीकरणात्मक, म्हणजे विषय अनोळखी असताना द्यायचा. 1961 च्या एका प्रयोगात ऑसुबेल आणि सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना बौद्ध धर्मावरचा मजकूर दिला. त्यांना ख्रिस्ती धर्म माहीत होता, म्हणून आधी या दोहोंतलं साम्य आणि फरक मांडला. नवं जुन्यात विरघळून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

मला याची गरज बारावीत पडते, विद्युत घट शिकवताना. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी दहावीपर्यंत विद्युत अपघटन शिकलेलं असतं आणि त्यात ॲनोडला ‘धनाग्र’ म्हटलेलं असतं. शब्दातच धन आहे. मग गॅल्व्हानिक घटात ॲनोड ऋण असतो असं सांगितलं की वर्ग ते घोकतो, कारण जुनी खुंटी उलट्या बाजूला आहे. त्यामुळे मी आधी पाच मिनिटं एवढंच मांडतो: घट दोन प्रकारचे. एक आपणहून चालतो आणि वीज देतो, दुसऱ्याला बाहेरून वीज ढकलून चालवावं लागतं. दोन्हींत ॲनोडवर ऑक्सिडीकरणच होतं. फक्त पहिल्यात तिथे सुटणारे इलेक्ट्रॉन साचतात म्हणून ते टोक ऋण, दुसऱ्यात बाहेरची बॅटरी ते ओढून घेते म्हणून ते धन. ‘धनाग्र’ हा शब्द दुसऱ्या प्रकारापुरताच खरा आहे, हे मोकळेपणानं सांगून टाकतो. दरवर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, ‘मग नाव कशाला असं ठेवलं?’ रास्त तक्रार आहे.

संघटक नंतर सांगितला तर चालेल का? शेवटी सारांश म्हणून?

सारांशाचं काम वेगळं. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांचा 1972 चा एक प्रयोग यावर फार बोलका आहे. त्यांनी लोकांना एक उतारा ऐकवला: आधी वस्तूंचे गट करायचे, एकाच वेळी फार करू नये, चूक महागात पडू शकते, असलं काहीतरी. शब्द सगळे सोपे, पण कशाबद्दल चाललंय ते कळत नाही. विषय होता कपडे धुणं. ज्यांना हे आधी सांगितलं त्यांना नंतर जवळजवळ दुप्पट आठवलं. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितलं, त्यांची गत काहीच न सांगितलेल्यांसारखीच झाली.

हा अग्रत संघटकाचा प्रयोग नव्हे, नुसत्या शीर्षकाचा आहे. पण चाळीस मिनिटं अधांतरी ऐकलेलं शेवटच्या पाच मिनिटांत जागेवर बसत नाही, एवढं त्यातून दिसतं.

संघटक दिला, तरी उपयोग झाला नाही. काय चुकलं असेल?

माझ्या बाबतीत बहुतेक वेळा एकच चूक झाली आहे: उदाहरण दिलं आणि विचार सांगितलाच नाही. एका वर्षी नट-बोल्टचा खेळ इतका रंगला की फळ्यावर ती तीन वाक्यं लिहायची राहूनच गेली. चाचणीत अर्ध्या वर्गाने मोल हे ‘वजनाचं एकक’ आहे असं लिहिलं. त्यांचं चुकलं कुठे? त्यांनी सात मिनिटं मला फक्त तोलताना पाहिलं होतं. तोलणं हे मोजण्यासाठी आहे, हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे संघटकाकडे परत न येणं. तो एकदा ठोकून सोडायचा नसतो. 12 ग्रॅम कार्बन आला की त्या वाक्यांकडे बोट, 44 ग्रॅम आला की पुन्हा बोट. दुसऱ्या दिवशी वायूंचं आकारमान आलं की नवा प्रश्न: इथे तोलायच्या ऐवजी काय मापतोय? जॉइस आणि वाइल यांनी अध्यापनाच्या प्रतिमानांत ऑसुबेल यांची कल्पना तीन टप्प्यांत बसवली, तीच आपण बी.एड.ला शिकतो: संघटक मांडणं, नवा आशय मांडणं, आणि मग मुलाच्या डोक्यातली जोडणी पक्की करणं. निरीक्षणाला गेलो की मला पहिला टप्पा छान दिसतो, दुसरा लांबलेला दिसतो आणि तिसऱ्याच्या वेळी घंटा होते.

आणि उदाहरणाची हद्द सांगावी. बोल्ट सगळे एका वजनाचे, अणू तसे नसतात. क्लोरीनचं 35.5 हे दोन प्रकारच्या अणूंचं सरासरी वजन आहे. ही अडचण येईल तेव्हा सांगायची, पहिल्या दिवशी नाही. पण सांगायची.

जोडणी झाली की नुसतं पाठ झालं, हे ओळखायचं कसं?

ज्या शब्दांत शिकवलं त्या शब्दांत विचारायचं नाही. मी दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न देतो, पाच मिनिटांत, गुण नाहीत.

पहिला: 12 ग्रॅम कार्बनमध्ये अणू किती? हे सगळ्यांना येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. तो मी धीर यावा म्हणून ठेवतो.

दुसरा: 4 ग्रॅम हेलियम आणि 4 ग्रॅम हायड्रोजन वायू, कण कशात जास्त? घोकणारा ‘सारखेच, दोन्ही 4 ग्रॅम’ म्हणतो, म्हणजे 1.8 किलो नट अजून तिथेच आहेत. जोडणारा म्हणतो, हेलियमचा अणू 4, हायड्रोजनचा रेणू 2, हलका नग तेवढ्याच वजनात जास्त बसतो, म्हणून हायड्रोजनमध्ये दुप्पट.

तिसरा माझा आवडता. समजा जगाने 12 ऐवजी 24 ग्रॅम कार्बनमधल्या अणूंच्या संख्येला एक मोल म्हणायचं ठरवलं असतं. मग 18 ग्रॅम पाणी किती मोल? आणि पाण्याच्या एका रेणूचं वजन बदललं असतं का? उत्तर: अर्धा मोल, आणि वजन मुळीच नाही. ज्याने फक्त आकडा पाठ केला आहे त्याला इथे धरायला काही उरत नाही, कारण आकडाच काढून घेतलेला आहे. पूर्ण उत्तर थोड्यांनाच येतं. अर्धा मोल बरोबर सांगून ‘वजन दुप्पट होईल’ म्हणणारे बरेच असतात, आणि पुढच्या तासाची सुरुवात मी त्यांच्यापासून करतो.

संशोधनाने हे सिद्ध झालं आहे का?

‘सिद्ध’ हा शब्द मी वापरणार नाही. 1975 साली बार्न्स आणि क्लॉसन यांनी 32 अभ्यास तपासले. 12 अभ्यासांत संघटकाचा फायदा दिसला, 20 मध्ये नाही. त्यांची मुख्य तक्रार वाजवी होती: संघटक कसा लिहायचा याची पक्की व्याख्याच नाही, त्यामुळे कोणी काहीही लिहून त्याला संघटक म्हणतो. ऑसुबेल यांनी 1978 मध्ये त्याला उत्तर दिलं. 1980 मध्ये 135 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सरासरी परिणाम फायद्याचा निघाला, पण लहान.

मला रिचर्ड मेयर यांचं 1979 चं विवेचन जास्त कामाचं वाटतं, कारण ते ‘चालतो का’ याऐवजी ‘केव्हा चालतो’ असं विचारतं. विषय अनोळखी असेल, मुलाकडे जोडायला स्वतःचं काही नसेल आणि चाचणी शिकलेलं नव्या ठिकाणी वापरायला लावणारी असेल, तेव्हा फायदा दिसतो. शब्दशः आठवण तपासली तर फारसा दिसत नाही. म्हणजे वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यावर संघटकाचा परिणाम शोधाल, तर निराश व्हाल.

मग पाठांतर करूच नये का?

करावं, जिथे जोडायला काही नाहीच तिथे. सोडियमचं चिन्ह Na का, याचं उत्तर लॅटिन नावात आहे. ते सांगावं, पण पहिल्या वीस मूलद्रव्यांची चिन्हं शेवटी पाठच करावी लागतात. पाढेही तसेच. 12, 16, 32, 44 हे आकडे ज्याच्या जिभेवर आहेत त्याला मोलचं गणित करताना डोकं मोकळं राहतं. अडचण होते ती तर्क असलेली गोष्ट तर्क नसल्यासारखी पाठ केली की.

आमच्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी विज्ञान इंग्रजीतून. संघटक कोणत्या भाषेत द्यायचा?

ज्या भाषेत मुलाची खुंटी आहे त्या भाषेत. माझा नट-बोल्टचा भाग पूर्ण मराठीत असतो, फळ्यावरची तीन वाक्यं मराठीत, आणि त्याखाली लगेच पुस्तकातली इंग्रजी वाक्यं. ‘अणू’ म्हणजे आता ‘ॲटम’, ‘रेणू’ म्हणजे ‘मॉलिक्यूल’, हे तिथेच. पहिल्या महिन्यात ही मुलं घोकतात ती बरेचदा रसायनशास्त्र अवघड जातं म्हणून नाही, वाक्यच कळत नाही म्हणून. एकदा एका निरीक्षकाने इंग्रजी माध्यमाच्या तासात मराठी वापरल्याबद्दल माझ्या शेऱ्यात लाल रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

दर तासाला संघटक द्यायचा का?

छे. मोलच्या प्रकरणाला मी एक देतो आणि तो आठ-नऊ तास पुरतो. मुलांकडे आधीच चांगली खुंटी असेल तर नवी ठोकण्यात वेळ घालवू नये. सरळ तिची आठवण करून द्यावी आणि पुढे जावं. वर्षभरात मला अकरावीत असे पाच-सहा संघटक लागतात. त्यांतले दोन अजून नीट जमलेले नाहीत, रासायनिक समतोलाचा तर मुळीच नाही. त्याला दर वर्षी नवं काहीतरी करून पाहतो. यंदा एसटी स्टँडवरच्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रवाशांवर बेत आहे.